दिवाळी बल्क ऑर्डरचं पेज: गुगलवर दरवर्षी गेल्या वर्षीचीच तारीख का येते

फलटणमधल्या एका मिठाईच्या दुकानाची वेबसाइट मी बघतो, म्हणजे बघतो कसली, वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही आणि गणपती उठले की मालकांचा फोन येतो, "अरे गुगलवर अजून जुनीच तारीख येतीय, तू बदलली नाहीस का?" आणि मी दरवेळी बदललेली असते. तीन वर्षं झाली हे चालू आहे. यंदा ठरवलं की एकदाचा छडा लावायचा, आणि जे सापडलं ते इथं सविस्तर लिहितोय कारण लहान गावातल्या बऱ्याच दुकानांच्या साइट अशाच कुणीतरी भाच्या-पुतण्याने उभ्या केलेल्या असतात आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच रडगाणं असतं.

आधी तारखेमुळे काय होतं ते सांगतो, म्हणजे मालक का तापतात ते कळेल. दुकानाचा नियम साधा आहे, बल्क ऑर्डर लक्ष्मीपूजनाच्या 11 दिवस आधी बंद. कारण बॉक्सवर पतसंस्थेचं नाव छापायला प्रेसवाला आठवडा घेतो, आणि भट्टीवरची माणसं, खवा, काजू सगळं त्या हिशोबाने सांगावं लागतं. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, म्हणून पेजवर लिहिलं 21 ऑक्टोबरपर्यंत ऑर्डर. 2025 ला लक्ष्मीपूजनच 21 ऑक्टोबरला आलं, शेवटची तारीख झाली 10 ऑक्टोबर, मी पेज बदललं, पण गुगलवर सर्चमध्ये खाली दोन ओळी येतात ना त्यात "ऑर्डर 21 ऑक्टोबरपर्यंत स्वीकारल्या जातील" असंच येत राहिलं. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीपर्यंत ऑर्डर घेणार म्हणे! 15 तारखेला एका पतसंस्थेचे मॅनेजर 400 बॉक्सची यादी घेऊन काउंटरला हजर, वर मोबाइल पुढे करून दाखवतात की हे बघा तुमचंच लिहिलेलं आहे. शेवटी त्यांना बिन छापलेले साधे बॉक्स दिले, तेपण रात्रपाळी करून.

यंदा उलटं झालंय. अधिक महिना आल्यामुळे 2026 ची दिवाळी लांबली, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे ऑर्डर 28 ऑक्टोबरपर्यंत चालणार, आणि गुगल दाखवतंय 10 ऑक्टोबर. गेल्या वर्षी लोक उशिरा आले, यंदा 10 तारीख उलटून गेली असं समजून बारामतीला ऑर्डर देऊन मोकळे होणार. दिवाळी दरवर्षी मागेपुढे सरकते त्यामुळे जुनी तारीख नुसती जुनी राहत नाही, ती नेमकं चुकीचं सांगते.

आता मुद्दा. माझा समज असा होता, आणि बहुतेकांचा असतो, की मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पेजच्या कोडमध्ये आपण लिहितो तो छोटा सारांश, ही गुगलवरची पाटी, आपण तिथं लिहू ते तिथं दिसणार. तसं नाहीये. गुगल ती ओळ मुख्यतः पेजवरच्या मजकुरातून स्वतः उचलतं, माणसाने काय सर्च केलंय ते बघून, आणि आपलं डिस्क्रिप्शन त्याला जास्त बरं वाटलं तरच ते वापरतं. म्हणजे आपण पाठवतो ती फक्त सूचना. एकाच पेजखाली दोन वेगळ्या सर्चला दोन वेगळ्या ओळी दिसू शकतात. हे डोक्यात बसलं की मग शोधायचं काय ते तीन प्रश्नांवर येतं, आपली ओळ पेजमध्ये खरंच धड आहे का, गुगलने नवं पेज नेलंय का, आणि दोन्हीचं उत्तर हो असेल तर मग ती जुनी ओळ त्याला सापडतीय कुठं.

पहिलं, ओळ आहे का. यासाठी साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या आत जाऊन, डिस्क्रिप्शन लिहायचं जे प्लगिन असतं त्याच्या खिडकीत बघायचं नाही, तिथं सगळं छानच दिसतं. पेज उघडून Ctrl+U दाबायचं, सोर्स दिसतो, त्यात `name="description"` शोधायचं. आणि हे सगळं इनकॉग्निटो खिडकीत करायचं. हे मला दोन वर्षांनी कळलं. मी लॉगिन असताना बघायचो तेव्हा मला ताजं पेज दिसायचं, आणि बाहेरच्या माणसाला, म्हणजे गुगललाही, कॅश प्लगिनने साठवून ठेवलेलं जुनं पेज जायचं. बदल केल्यावर कॅश रिकामी करायची हे मला माहीत होतं, पण मला तर नवीनच दिसतंय म्हटल्यावर कशाला करतोय.

इनकॉग्निटोमध्ये सोर्स उघडला तर description दोनदा सापडलं. एक प्लगिनने टाकलेलं, माझं, व्यवस्थित. आणि त्याच्या वरती हे:

```
<meta name="description" content="दिवाळी "स्पेशल" मिठाई बॉक्स घाऊक दरात">
```

हे मालकांच्या पुतण्याने साइट पहिल्यांदा बनवली तेव्हा थीमच्या header.php मध्ये हाताने चिकटवलेलं. यात दोन घोळ आहेत. एक म्हणजे header.php मध्ये असल्यामुळे ते प्रत्येक पेजवर जातं, संपर्काच्या पेजवरसुद्धा दिवाळी स्पेशल. दुसरा घोळ जरा मजेशीर आहे, स्पेशल या शब्दाला त्याने दुहेरी अवतरण दिलंय, आणि content सुद्धा दुहेरी अवतरणातच आहे, त्यामुळे वाचणाऱ्या मशीनला वाटतं की डिस्क्रिप्शन "दिवाळी" या शब्दावर संपलं. पुढचं सगळं कचरा. म्हणजे तीन वर्षं आमच्या प्रत्येक पेजवर पहिलं डिस्क्रिप्शन होतं एक शब्द, दिवाळी. प्लगिनच्या खिडकीत अवतरण टाकलं तर सहसा प्लगिन ते सांभाळून घेतं, हाताने कोडमध्ये टाकलं की हे होतं. मी ती ओळ उडवली, चाइल्ड थीम, म्हणजे आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवणारी थीम, नव्हती तर ती आधी बनवली, नाहीतर थीम अपडेट झाली की बदल गेला.

इथं वाटलं होतं झालं, सापडला चोर. नव्हता. दोन डिस्क्रिप्शन असणं वाईटच, पण त्यात कुठं 10 ऑक्टोबर नव्हतं. मग 10 ऑक्टोबर येतंय कुठून?

दुसरा प्रश्न, गुगलने नवं पेज नेलंय का. सर्च कन्सोल म्हणजे साइटवाल्यांसाठीचं गुगलचं टूल, त्यात वरती पेजचा पत्ता टाकायचा, URL Inspection उघडतं, त्यात Last crawl ची तारीख असते आणि View crawled page मध्ये गुगलने नेलेलं एचटीएमएल जसंच्या तसं दिसतं. तिथं आपली नवी ओळ शोधायची. नसेल तर पुढचं काही करायचं कारण नाही, गुगलकडे अजून जुनंच पेज आहे, REQUEST INDEXING दाबायचं आणि थांबायचं. दिवसातून दहादा दाबून लवकर येत नाही, उलट रोजची मर्यादा असते ती संपते. आम्हाला 4 दिवस लागले, पण कधी कधी दोन आठवडेही जातात, म्हणून हे काम दसऱ्याला काढायचं नाही. माझ्या मते सप्टेंबरचा पहिला आठवडा बरा, कारण लहान दुकानाच्या साइटवर वर्षभर काही हलत नाही त्यामुळे गुगलही तिकडे क्वचितच फिरकतं.

एक राहिलं, इथं Live test पण असतं, तो आत्ताचं पेज आणून दाखवतो, गुगलकडे साठवलेलं नाही. या दोन्हीत गल्लत झाली की माणूस उगाच खूश होतो.

आमच्या बाबतीत गुगलने नेलेल्या पेजात माझं नवं डिस्क्रिप्शन होतं, वरचा नवा मजकूर होता. तरी सर्चमध्ये 10 ऑक्टोबर. म्हणजे उरला तिसरा प्रश्न, आणि खरी मेख इथंच होती.

यासाठी सोपी युक्ती, गुगलवर जी चुकीची ओळ दिसतीय त्यातले सलग चार-पाच शब्द कॉपी करायचे आणि पेजच्या सोर्समध्ये शोधायचे. सोर्समध्येच, साध्या पेजवर नाही. मी आधी साध्या पेजवर Ctrl+F करून शोधलं होतं आणि काही सापडलं नव्हतं म्हणून गुगललाच शिव्या देत होतो. सोर्समध्ये एका झटक्यात सापडलं. पेजच्या तळाशी "नेहमी विचारले जाणारे प्रश्न" म्हणून पट्टे आहेत, दाबलं की उघडणारे, त्यातल्या चौथ्यात "ऑर्डर किती दिवस आधी द्यावी?" आणि उत्तर "बल्क ऑर्डर 10 ऑक्टोबरच्या आत नोंदवावी, त्यानंतर स्वीकारली जाणार नाही". पट्टा बंद असतो तेव्हा ब्राउझरच्या शोधात तो मजकूर येत नव्हता, पण गुगल तो वाचतं. आणि विचार करा, कुणी "दिवाळी मिठाई ऑर्डर" असं सर्च केलं तर अख्ख्या पेजवर त्याला सगळ्यात नेमकं वाक्य कुठलं वाटणार? हेच. ऑर्डर, कधीपर्यंत, कशी, सगळं एका वाक्यात. माझं डिस्क्रिप्शन त्यापुढे "परंपरागत चवीची अस्सल मिठाई, आपल्या विश्वासाचे ठिकाण" असलं काहीतरी होतं. मी गुगल असतो तर मीपण ते वापरलं नसतं.

पट्टा मालकांच्या मुलीने दरवर्षी इमानदारीत बदलला होता बरं का, पण दिवाळीच्या आठवड्यात, लोक फोन करायला लागल्यावर. मग तो पुढच्या वर्षीपर्यंत तसाच.

अजून एक जुनं भूत होतं, `/diwali-2024/` हे वेगळं पेज. त्या वर्षी नवं पेज बनवलं होतं, 2025 ला दुसरं बनवलं, जुनं काढायचं कुणाच्या लक्षात नाही, आणि एक-दोन सर्चला ते जुनंच वर यायचं. आता एकच कायमचा पत्ता ठेवलाय, `/diwali-bulk-order/`, वर्ष नाही त्यात, आणि जुनी दोन्ही पेजं 301 ने, म्हणजे पत्ता कायमचा बदलला असं सांगून, त्यावर वळवली. नुसती डिलीट केली असती तर लोकांनी व्हॉट्सअपवर जुन्या पाठवलेल्या लिंका मेल्या असत्या.

आता उपाय काय केला ते. तारीख पेजवर एकाच जागी ठेवली, वरती, ठळक. प्रश्नोत्तरात आता लिहिलंय "लक्ष्मीपूजनाच्या 11 दिवस आधीपर्यंत, नेमकी तारीख वर दिली आहे". हे वाक्य 2030 ला पण खरं राहील, गुगलने उचललं तरी काही बिघडत नाही. आणि वरच्या तारखेच्या पट्टीला हे लावलं:

```
<div data-nosnippet>
  यंदाची बल्क ऑर्डर 28 ऑक्टोबरपर्यंत
</div>
```

`data-nosnippet` म्हणजे गुगलला सांगणं की हा तुकडा वाच पण सर्चच्या ओळीत दाखवू नकोस. ते div, span आणि section या तीनच टॅगवर चालतं, मी आधी p वर लावून बसलो होतो, काही उपयोग नाही. मालक यावर नाराज झाले, म्हणे तारीख तर दिसायलाच पाहिजे, तीच तर कामाची. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण गुगल पेज परत कधी नेईल ते आपल्या हातात नाही, आणि 29 ऑक्टोबरपासून तीच तारीख आपल्या अंगावर येणार. दरही तसेच, काजूचा भाव हलला की काजू कतलीचा दर हलतो, तो पण त्या पट्टीतच ठेवलाय. तारीख आणि दर पेज उघडल्यावर दिसू दे, बाहेर नको. यात मतभेद असू शकतो, ज्याच्याकडे रोज साइट बघायला माणूस आहे त्याने खुशाल दाखवावी.

काही जण अख्ख्या पेजला nosnippet लावायला सांगतात, तसं करू नका, मग खाली काहीच ओळ येत नाही, नुसतं शीर्षक, आणि आपलं डिस्क्रिप्शनही त्यात जातं.

मग राहिलं खुद्द डिस्क्रिप्शन. जुनं असं होतं: "परंपरागत चवीची अस्सल मिठाई, आपल्या विश्वासाचे ठिकाण, शुद्ध तुपातील दर्जेदार पदार्थ, एकदा अवश्य भेट द्या". यात दिवाळी नाही, बल्क नाही, गाव नाही. बल्क ऑर्डर देणारा माणूस कोण असतो, पतसंस्थेचा क्लार्क, दूध संस्थेचा सचिव, एमआयडीसीतल्या कारखान्याचा एचआरवाला. त्याला साहेबांनी सांगितलेलं असतं की माणशी अर्धा किलोचा बॉक्स, 200 नग, तीन ठिकाणचे दर आण. त्याला शुद्ध तूप पुढे बघायचं असतं, आधी कळायला हवं की इथं 200 नग मिळतात का, नाव छापून मिळतं का, आणि पोच करतात का. मी काउंटरला बसून दोन दिवस फोन ऐकले, 10 पैकी 7-8 जण पहिल्या मिनिटात हेच विचारतात. तेच लिहिलं:

```
दिवाळीसाठी मिठाई आणि फराळाचे बॉक्स घाऊक दरात, 50 बॉक्सपासून.
पाव, अर्धा, एक किलो. बॉक्सवर संस्थेचं नाव छापून.
फलटण, लोणंद, बारामतीत पोच. दरपत्रक फोनवर.
```

खिडकीत हे अर्थात एका ओळीत टाकलंय. बघा, यातलं एकही वाक्य पुढच्या वर्षी खोटं ठरत नाही. आणि "50 बॉक्सपासून" पहिल्याच वाक्यात आहे, कारण मोबाइलवर शेपूट कापलं जातं, कुठं कापेल ते स्क्रीनच्या रुंदीवर. "पोच" कापलं गेलं तर चालेल, आकडा नको कापायला. शिवाय हा आकडा पुढे असल्यामुळे अर्धा किलो पेढे हवेत म्हणून बल्कच्या नंबरवर फोन करणारे कमी झाले, हे मालकांनाच जास्त आवडलं.

हे टाकल्यावर प्लगिनचा मीटर लाल होतो, तिकडे घाबरू नका. तो मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजतो. "मोतीचूर" आपल्याला चार अक्षरं दिसतात, तो सात मोजतो. गुगलने लांबीची अशी काही मर्यादा ठेवलेली नाही, जागेत मावेल तेवढं दाखवतं. हिरवा दिवा लागावा म्हणून मी एकदा "नाव छापून" काढून टाकलं होतं, मूर्खपणा.

आता खरी अडचण जी पूर्ण सुटलेली नाही ती सांगतो. गावातले निम्मे लोक मराठी टाइपच करत नाहीत, ते `diwali sweet box bulk order phaltan` असं टाकतात. अशा सर्चला आमचं मराठी डिस्क्रिप्शन न येता फूटरमधली "Fresh and hygienic" अशी इंग्रजी ओळ यायची, ती थीमसोबतच आलेली होती, कुणी लिहिलीही नव्हती. ती आधी काढली. मग पेजवर, दरांच्या खाली, एक साधं इंग्रजी वाक्य टाकलं ज्यात बॉक्स, कमीत कमी संख्या आणि गाव आहे. त्यानंतर इंग्रजी सर्चला कधी ते वाक्य येतं, कधी मराठी डिस्क्रिप्शन येतं. दोन्हीत खोटं काही नाही, त्यामुळे मी तिथंच थांबलोय. स्वतःच तपासताना मात्र `site:` लावून, म्हणजे फक्त आपल्या साइटपुरतं शोधून, तपासू नका, तिथं वेगळीच ओळ येऊ शकते, गिऱ्हाईक जे टाइप करेल तेच टाइप करून बघा.

आणि व्हॉट्सअप. मालक म्हणाले गुगलवर झालं पण ग्रुपवर लिंक टाकली की जुनंच येतंय. ते वेगळं खातं आहे, व्हॉट्सअप `og:description` वाचतं, प्लगिनमध्ये सोशल म्हणून वेगळी खिडकी असते, तिथं 2024 चं "धमाका ऑफर" पडून होतं. ते बदललं. तरी त्यांच्या फोनवर जुनंच, कारण फोनने ते धरून ठेवलेलं असतं. लिंकच्या शेवटी `?v=2` जोडून पाठवलं की नवीन लिंक समजून नवं आणतो. आधीच पाठवून झालेल्या मेसेजमधलं मात्र बदलत नाही, ते डिलीट करून परत पाठवायचं.

काल संध्याकाळी दुकानात बसून मालकांच्याच फोनवर सर्च केलं, नवी ओळ आली, 50 बॉक्सपासून. त्यांनी चष्मा वर करून वाचली, म्हणाले, "ह्यात आपल्या तुपाचं कुठं काय लिहिलंय?" म्हटलं पेजवर आहे. "बरं" म्हणाले, पण पटलेलं दिसत नव्हतं.